कार्ड नव्या फोनमध्ये टाकलं, पण डाउनलोड केलेली गाणी दिसत नाहीत

प्रश्न: जुन्या फोनचं मेमरी कार्ड नव्यात घातलं. जागा भरलेली दिसते, पण स्पॉटिफायमध्ये एकही गाणं डाउनलोड झालेलं दिसत नाही. असं का?

उत्तर: कार्डावर आहेत ते एमपी३ नाहीत, कुलूपबंद तुकडे आहेत. त्यांची किल्ली जुन्या फोनमधल्या ॲपकडे आणि तुमच्या खात्याकडे राहिली. त्यामुळे नव्या फोनला ते तुकडे नुसती अडगळ वाटतात. ती गाणी परत मिळवण्यात वेळ घालवू नका.

फाइल मॅनेजरमधून कार्डावरचं `Android/data/com.spotify.music` हे फोल्डर उडवा. ते दिसत नसेल तर कार्ड संगणकाला लावून उडवा. मग ॲपच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा म्हणून कार्ड निवडा आणि वायफायवर गाणी पुन्हा उतरवा. लॉगिन मात्र त्याच प्रीमियम खात्याने करा. माझ्या बहिणीने चुकून दुसऱ्या ईमेलने केलं होतं, तिची लायब्ररीच रिकामी दिसत होती.

फोन तोच असून उतरवलेली गाणी वाजेनाशी झाली, तर गोष्ट वेगळी. 30 दिवसांत एकदा तरी ॲप ऑनलाइन उघडावं लागतं, तेव्हाच परवाना तपासला जातो. गावी रेंज नसेल तर निघण्याच्या आदल्या रात्री दोन मिनिटं नेट लावून उघडून ठेवा.