डोळे मिटलेला चेहरा बदलणे का चालत नाही?

प्रश्न: बातमीच्या फोटोचे रंग सुधारलेले चालतात, मग ग्रुप फोटोत डोळे मिटलेल्या एकाचा चेहरा पुढच्या फ्रेममधून घेतला तर संपादक का नाकारतात?

कारण रंगदुरुस्तीने फोटो प्रत्यक्ष दृश्याच्या जवळ जातो, तर चेहरा बदलल्याने कधीच न घडलेला क्षण तयार होतो. लातूरच्या एखाद्या मंगल कार्यालयात ट्यूबलाइटखाली पांढरे धोतर हिरवट आले असेल, तर व्हाइट बॅलन्स सुधारून ते पांढरे करणे योग्यच आहे. पण दोन सेकंदांनंतरचा चेहरा, त्याच माणसाचा असला तरी, चिकटवला की त्या क्षणी कोण कोणाकडे पाहत होते ही माहितीच खोटी ठरते. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची नियमावली क्रॉपिंग आणि माफक रंगदुरुस्तीला मुभा देते, मात्र फोटोत काही घालणे वा त्यातून काढणे, अगदी फ्लॅशमुळे लाल झालेले डोळे सुधारणेही, तिला मान्य नाही. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर आम्हीही हेच पाळतो आणि अशा वेळी दुसरी फ्रेम पूर्णच्या पूर्ण छापतो. अर्थात रंगालाही मर्यादा आहे: १९९४ मध्ये ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर गडद करून छापला, तेव्हा त्यांना अधिक काळे आणि भयावह दाखवल्याची तीव्र टीका झाली, आणि तिथे चेहरा मुळीच बदललेला नव्हता.