दहा वर्षं मागे राहिलेल्याचा हिशोब

“माझं वय ३५. माझा मित्र पंचविशीपासून दरमहा १०,००० गुंतवतोय, माझ्याकडे काहीच नाही. साठीपर्यंत त्याला गाठायचं तर जास्त परताव्याचे, जोखमीचे शेअर घेऊ का?”

वहीत त्यांनी ‘१८ टक्के’ लिहून त्याभोवती तीनदा गोल केला होता. मी आधी त्या गोलाबद्दलच बोलले. वर्षाला १० टक्के परतावा धरला आणि दरमहा सारखीच रक्कम घातली, तर वर्षभरातली वाढ तुम्ही वर्षभरात घातलेल्या पैशांइतकी व्हायलाच सुमारे ७ वर्षं लागतात. तोवर पैसा मुख्यतः तुमच्या खिशातूनच येतो. लहान रकमेवर मोठा परतावा मिळवण्यासाठी मोठी जोखीम घेतली, तर चुकल्यावर सावरायला वर्षंही कमीच उरतात.

मग आम्ही हिशोब मांडला. हे १० टक्के गृहीतच आहेत, त्यांची हमी कुणी देत नाही. तेवढे मिळाले तर मित्राचे साठीला साधारण ३ कोटी ८० लाख होतात. तेच १०,००० पस्तिशीपासून घातले तर १ कोटी ३३ लाख. मित्राने खिशातून फक्त १२ लाख जास्त घातलेत, बाकीचा फरक वेळेने केला. त्याला गाठायला यांना दरमहा २८,६०० लागतील. आकडा ऐकून त्यांनी वही मिटली.

मी ती पुन्हा उघडायला लावली. रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत गेलात, तर सुरुवात १९,००० पासून करता येते. पगारही साधारण तेवढाच वाढला, तर पगारातला वाटा तोच राहतो. तरी त्यांना १४,००० च्या वर जमेना, आणि ते मला खरं वाटलं. खोटा आकडा लिहून सहा महिन्यांत हप्ता बंद पडण्यापेक्षा हे बरं. मग आम्ही निवृत्तीचं वय ६३ धरलं. तीन वर्षं जास्त हप्ते जातात, साठलेल्या रकमेलाही वाढायला वेळ मिळतो, आणि सुरुवात १३,४०० वर येते. म्हणजे १४,००० पुरतात. अर्थात तीन वर्षं जास्त काम करणं प्रत्येकाच्या तब्येतीला किंवा नोकरीला जमेलच असं नाही, म्हणून दर दोन वर्षांनी हे पुन्हा तपासायचं ठरलं. कार्डाची थकबाकी मात्र त्यांनी आधी फेडली, कारण तिचं व्याज १० टक्क्यांहून खूप जास्त होतं.

ही योजना बहुतेकदा वाढीच्या जागीच मोडते. पगार वाढतो, हप्ता तसाच राहतो, आणि दोन महिन्यांत वाढीव पैसा कुठे गेला ते कळत नाही. म्हणून वाढीव पगाराचा पहिला दिवस हीच हप्ता वाढवायची तारीख, असं आम्ही ठरवलं. वर्षाने ते आले तेव्हा वहीत १४,७०० लिहिलेलं होतं.