ठेकेदाराचे कामगार मोजायचे की नाही: पाणी, संडास, कँटीन आणि विश्रांतीगृहाच्या तक्रारीविषयी

«कंपनीत कायम कामगार थोडे, बाकी आम्ही सगळे ठेकेदाराचे. बायकांसाठी एकच संडास उघडा असतो, जेवायला शेडमागे बसतो. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीला. तक्रार नक्की कोणाकडे आणि कशी करायची?»

आम्ही याच चक्रातून गेलो आहोत, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही. आमच्या कारखान्यात जे घडले आणि त्या निमित्ताने जे वाचावे लागले, त्याच्या आधारावर हे लिहीत आहे. अर्ज देण्यापूर्वी कामगार संघटनेच्या किंवा जाणकार वकिलाच्या नजरेखालून जरूर घाला.

सर्वांत आधी, पाणी व संडास या दोन गोष्टींची तक्रार आणि कँटीन व विश्रांतीगृहाची तक्रार एकाच अर्जात लिहू नका. पिण्याचे पाणी आणि स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र संडास कारखान्यात द्यावेच लागतात, तेथे कामगार किती हा प्रश्न येत नाही. कँटीन आणि विश्रांतीगृह मात्र ठरावीक संख्येच्या वर लागू होतात. दोन्ही मागण्या एका कागदावर आल्या की मालकाकडून संख्येचा वाद उभा राहतो आणि त्या वादाच्या आड पाण्याची व संडासाची तक्रारही अडकून पडते.

आमचे नेमके तसेच झाले. कारखान्यात कायम कामगार सुमारे ९० होते आणि तीन ठेकेदारांचे मिळून १९०, म्हणजे एकूण २८०. त्या वेळी कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता आणि त्यानुसार २५० पेक्षा जास्त कामगार असले की कँटीन, १५० पेक्षा जास्त असले की विश्रांतीगृह व जेवणाची खोली द्यावी लागे. कंपनीने उत्तर दिले की आमच्या हजेरीपटावर नव्वदच लोक आहेत. ज्या कार्यालयात अर्ज दिला होता त्याने हे उत्तर जसेच्या तसे मान्य केले आणि तिन्ही ठेकेदारांची संख्या वेगवेगळी धरून, कोणाकडेच मर्यादा ओलांडली जात नाही, असा शेरा मारला. वास्तविक त्या कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेला कामगारही येत होता. हे लेखी दाखवून दिल्यावर ठेकेदारी कामगारांचा विषय आमच्याकडे नाही, दुसऱ्या कार्यालयात जा, असे सांगण्यात आले. दुसऱ्या कार्यालयाने हा कारखान्याच्या इमारतीतील सोयींचा विषय आहे म्हणून पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवले. सगळा उन्हाळा त्यात गेला. मला राग कँटीनसाठी येत नाही, तो या काळात महिलांचे जे हाल झाले त्यासाठी येतो. पाळी सुरू असलेल्या मुली पाणी कमी पीत होत्या, कारण संडासाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात असे आणि ती दरवेळी पुरुषांसमोर मागावी लागे. संख्येच्या वादाशी या किल्लीचा काहीही संबंध नव्हता, तरीही त्या पूर्ण अर्जावर एकच शेरा होता.

आता चित्र थोडे बदलले आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात कँटीनची मर्यादा १०० कामगारांवर आली आहे आणि या शंभरांत ठेकेदारी कामगार धरायचे, हे कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. कारखान्यात ५० पेक्षा जास्त कामगार असतील तर स्वतंत्र विश्रांतीगृह आणि जेवणाची खोली लागते. ठेकेदारी कामगारांना या सोयी मूळ मालकाने, म्हणजे कंपनीनेच द्यायच्या आहेत, असे कलम ५३ सांगते. त्यामुळे «ठेकेदाराला विचारा» या उत्तराला तुमच्या अर्जात या एका कलमाने उत्तर द्या आणि प्रतिवादी म्हणून कंपनीचेच नाव लिहा, ठेकेदाराला फक्त प्रत पाठवा. संहितेतील ठेकेदारीविषयीचे हे प्रकरण ५० किंवा अधिक ठेकेदारी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते, ही अट मात्र तपासून घ्या.

संडासांच्या बाबतीत «अपुरे आहेत» एवढेच लिहिले तर काहीच होत नाही, आकडा लिहावा लागतो. कारखाना नियमांतील प्रमाण असे होते: दर २५ महिलांमागे एक संडास, पुरुषांसाठी पहिल्या १०० पर्यंत दर २५ मागे एक आणि त्यापुढे दर ५० मागे एक, उरलेले थोडे लोक असले तरी त्यांच्यासाठी पूर्ण एक धरायचा. आमच्याकडे ६० महिला आणि २२० पुरुष होते. महिलांसाठी तीन लागत होते. पुरुषांसाठी पहिल्या शंभरांचे चार आणि उरलेल्या १२० जणांचे तीन, असे सात. प्रत्यक्षात महिलांचे दोन होते आणि त्यांतील एक कुलूपबंद. कुलूप असलेला, पाणी नसलेला किंवा कडी तुटलेला संडास मोजणीत धरू नका, पण त्याची स्थिती जागा व पाळीसह वेगळी नोंदवा. पाण्याबाबतही असेच: जुन्या कायद्यानुसार पिण्याच्या पाण्याची जागा संडास, मुतारी, धुण्याची जागा किंवा सांडपाण्याचे उघडे गटार यांपासून सहा मीटरच्या आत असता कामा नये आणि तेथे कामगारांना समजेल अशा भाषेत «पिण्याचे पाणी» असे लिहिलेले असावे. दोरीने अंतर मोजा आणि तो आकडा अर्जात घाला.

संख्येचा पुरावा आधीच जमवा. सर्व ठेकेदारांच्या वेतनचिठ्ठ्या, गेटवरील हजेरी, पाळीचे वेळापत्रक यांच्या प्रती पुरतात. गोपनीय कागद कंपनीच्या कपाटातून काढू नका, त्यावरून कारवाई होऊ शकते.

अर्ज कारखान्यांच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात द्या आणि एक प्रत कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयाला द्या. एकाच अर्जावर दोन्ही कार्यालयांची नावे असली की «दुसरीकडे जा» म्हणणे अवघड होते. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. नुसते «ठेवून जा» म्हटले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. जुन्या कायद्याच्या कलम ११८-अ मध्ये तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे, असे बंधन होते. तुम्ही अर्जात आपली नावे मालकाला कळवू नयेत, अशी विनंती ठळकपणे लिहा, कारण ठेकेदाराला «उद्यापासून येऊ नका» म्हणायला कागद लागत नाही. शक्य असेल तर अर्ज संघटनेच्या नावाने द्या.

महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क भरून, आपल्या आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय केले आणि पाहणी झाली असल्यास त्या अहवालाची प्रत, एवढेच मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवावा लागतो, त्यामुळे टोलवाटोलवीही लेखी नोंदली जाते. कोणताही नागरिक हा अर्ज करू शकतो, तेव्हा तो कंपनीत नसलेल्या नातेवाइकाच्या नावाने करा. आमच्या प्रकरणात पाहणी खरोखर झाली आणि महिलांच्या संडासाचे कुलूप निघाले, ते असा अर्ज गेल्यानंतरच.