पिसूच्या आडून वकिली

प्रश्न: ‘मेटाफिजिकल कवितेबद्दल वाचताना “एक्स्टेंडेड कन्सीट” हा शब्द सारखा येतो. हे आपलं सांगरूपकच ना, की काही वेगळं?’

नात्यातलं आहे, पण तेच नाही. कन्सीट म्हणजे अनपेक्षित, विजोड वाटणारी तुलना, आणि ती कवितेत लांबवर ताणली की एक्स्टेंडेड कन्सीट. सतराव्या शतकातल्या इंग्रजी मेटाफिजिकल कवींपैकी एक असलेल्या जॉन डनची ‘द फ्ली’ म्हणजे ‘पिसू’ ही कविता घ्या. ती छापली गेली १६३३ साली, डनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. नऊ-नऊ ओळींची तीनच कडवी आहेत आणि तिन्हींत एकच पिसू आहे.

पहिल्या कडव्यात ती प्रियकराला चावते, मग प्रेयसीला. दोघांचं रक्त तिच्या पोटात एक झालं, आणि याला कुणी पाप म्हणत नाही. मग तू मला का अडवतेस, असा त्याचा सवाल. संभोगात रक्तच मिसळतं अशी त्या काळी समजूत होती, म्हणून हा मुद्दा आज वाटतो तितका हवेतला नव्हता.

दोन कडव्यांमधल्या रिकाम्या जागेत प्रेयसी पिसूला मारायला हात उचलते. हे कवी सांगत नाही, ‘थांब’ या त्याच्या विनवणीवरून आपल्याला कळतं. आता तीच क्षुल्लक पिसू आपली लग्नाची शेज होते, देऊळ होते. तिला मारलंस तर माझा खून, तुझी आत्महत्या आणि देवळाचा विध्वंस, अशी तीन पापं! पुन्हा एक रिकामी जागा, आणि तिसरं कडवं सुरू होतं तेव्हा तिचं नख रक्तानं माखलेलं असतं. ती म्हणते, बघ, आपल्याला दोघांनाही काहीच झालं नाही. तो लगेच कबूल करतो: अगदी खरं, मग माझी झालीस तरी तुझी अब्रू एवढीच जाईल, जेवढा या पिसूच्या मरणानं तुझा जीव गेला.

म्हणजे दुसऱ्या कडव्यात जे तिहेरी पाप होतं, ते तिसऱ्यात काहीच नाही. लबाडी उघड आहे, आणि गंमत तिथेच आहे. देहाला नगर म्हणणाऱ्या सांगरूपकात वेशी, पहारेकरी, राजा अशा जोड्या लागत जातात. त्यांचा क्रम बदलला तरी रूपक टिकतं. ‘द फ्ली’ची कडवी मागेपुढे करून पाहा, युक्तिवाद लगेच कोसळतो. इथे उपमान कवितेत जगतं, मरतं, आणि प्रत्येक वेळी वक्त्याला बाजू बदलायला लावतं. अठराव्या शतकात समीक्षक सॅम्युअल जॉन्सननं या मेटाफिजिकल कवींवर अगदी विजोड कल्पना जबरदस्तीनं एका जुवाला जुंपल्याचा ठपका ठेवला. जुंपण्याबद्दल तो बरोबरच होता. मात्र जुंपल्यावर त्या किती लांब चालतात, याचं श्रेय मी डनला देईन.

जाता जाता: उदाहरण म्हणून बहुतेक जण डनचा वर्तुळ काढायचा कंपास सांगतात. तो सुंदर आहे, पण ‘अ व्हॅलेडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग’च्या नऊ कडव्यांपैकी फक्त शेवटच्या तिनांत येतो. पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत एकच उपमान हवं असेल, तर पिसूच घ्या.