पापणीवरचा लाल ठिपका दाखवा, कमरेवरचा निळा डाग राहू द्या

प्रश्न: माझं बाळ पाच आठवड्यांचं आहे. कमरेवर जन्मापासून निळसर डाग आहे. वरच्या पापणीवर दोन आठवड्यांपूर्वी लाल ठिपका आला, तो आता फुगलाय. सगळे म्हणतात आपोआप जाईल. थांबू का?

पापणीसाठी थांबू नका, याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कमरेवरच्या डागाची काळजी नको.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. तो निळा डाग म्हणजे कातडीच्या खालच्या थरात राहिलेल्या रंगपेशी. तो सपाट असतो, दुखत नाही आणि बहुतेकदा काही वर्षांत फिका पडतो. फक्त फाइलमध्ये त्याची जागा आणि आकार लिहून घ्या, म्हणजे पुढे कोणी त्याला माराचा वळ समजणार नाही. वळ काही दिवसांत हिरवा-पिवळा होत जातो, हा आहे तसाच राहतो.

लाल फुगीर खूण बहुधा हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ. ती जन्मतः सहसा दिसत नाही, पहिल्या काही आठवड्यांत उगवते. सगळ्यात झपाट्याने वाढते ती पाचव्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे तुम्ही आत्ता आहात तिथे. "आपोआप जाते" हे खरंच आहे, पण त्याला वर्षं लागतात आणि डोळ्याला तेवढी सवड नसते.

माझ्याकडे आलेल्या एका बाळाला तिसऱ्या आठवड्यात पापणीवर डास चावल्यासारखा ठिपका होता. नवव्या आठवड्यात आणलं तेव्हा पापणी बुबुळावर उतरली होती. झाकलेल्या डोळ्याने बघायची मेंदूला सवयच लागत नाही आणि तो डोळा मंद होतो. आम्ही नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतलं आणि प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. हे मुळात हृदयाचं औषध. या गाठी त्याने आकसतात हे 2008 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. काही दिवसांतच गाठ मऊ आणि फिकट झाली, पापणी वर आली. औषध मात्र बरेच महिने द्यावं लागलं.

तुम्हालाही ते दिलं तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: डोस दूध पाजतानाच किंवा पाजल्यावर लगेच द्यायचा. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर तो डोस देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा, कारण रक्तातली साखर एकदम उतरू शकते.

हीच गाठ मांडीवर किंवा पोटावर, लहानशी असती तर मी नुसतं लक्ष ठेवा म्हटलं असतं. नाक, ओठ, लंगोटाची जागा, पाठीच्या कण्याची खालची मधली रेघ, चिघळलेली गाठ किंवा अंगावर पाच-सहा ठिपके असतील तर लवकर दाखवावं. हनुवटी-गळ्यावर गाठ असून श्वासाला घरघर येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तोवर रोज एकाच उजेडात पापणीचा फोटो काढा. वाढ किती वेगाने होतेय ते डॉक्टरांना त्यातूनच कळेल.