‘फक्त’ पुढे बघतो, ‘च’ मागे चिकटतो

तुझ्या मसुद्यातलं हे वाक्य बघ: ‘फक्त रमाच्या भावाला बोलावलं.’ यातून नेमकं कोण वगळलं गेलं? रमाची बहीण, की बाकीच्यांचे भाऊ? बोलताना आपण ज्या शब्दावर जोर देतो त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं, कागदावर तो जोर नसतो. ‘फक्त’ पुढच्या अख्ख्या शब्दसमूहावर पसरतो, म्हणून घोळ होतो. ‘च’ मात्र ज्या शब्दाला चिकटतो, त्यालाच धरतो. ‘रमाच्याच भावाला’ म्हटलंस की इतरांचे भाऊ गेले. ‘रमाच्या भावालाच’ म्हटलंस की बहीण गेली. अशा जागी मी ‘फक्त’ सरळ काढून टाकतो. ‘फक्त’ आणि ‘च’ दोन्ही घालायची सवय आपल्या सगळ्यांना आहे (मलाही), पण बहुतेक वेळा एक पुरतो.

‘ही’चंही तसंच. ‘मीही पत्र लिहिलं’ म्हणजे आधी आणखी कुणीतरी लिहिलेलं आहे. ‘मी पत्रही लिहिलं’ म्हणजे पत्राशिवाय दुसरंही काही केलं. ‘मी पत्र लिहिलंही’ यात नुसता विचार केला नाही, काम उरकलं, असा सूर येतो.

‘नुसतं’ क्रियापदाजवळ गेलं की क्रियाच तोकडी ठरते. ‘त्याने नुसतं पत्र वाचलं’ यात सोबतचे कागद राहिले असतील; ‘त्याने पत्र नुसतं वाचलं’ यात उत्तर राहिलं.

शंका आली तर वाक्यापुढे ‘दुसरं कोण किंवा काय नाही?’ असं विचार. दोन उत्तरं आली तर शब्द हलव.