रस्त्याकडेच्या आरसीसी गटाराला एका मीटरला किती माल लागतो?

प्रश्न: आतून ६०० × ६०० मिमी गटार, भिंती आणि तळ १५० मिमी. रनिंग मीटरला काँक्रीट, स्टील, दगड किती?

उत्तर: बाहेरची रुंदी ०.९ मीटर धरा. तळाला ०.९ × ०.१५ = ०.१३५ आणि दोन भिंतींना २ × ०.६ × ०.१५ = ०.१८, मिळून ०.३१५ घनमीटर काँक्रीट. कोपरे तळातच मोजलेत, भिंतीत पुन्हा धरू नका.

८ मिमीची एकेरी जाळी असेल, यू-सळई १५० मिमीवर आणि आडव्या सळया २०० मिमीवर, तर साधारण २७ मीटर सळई लागते. सळईच्या मीटरला ०.३९५ किलो वजनाने गुणलं की साधारण पावणेअकरा किलो. लॅप धरून १२ किलो मागवा. ड्रॉइंगमध्ये दुहेरी जाळी असेल तर हा आकडा चालणार नाही.

खाली १.१ मीटर रुंद, १५० मिमी जाड दगडी सोलिंगला ०.१६५ घनमीटर.

शटरिंग प्रत्येक भिंतीला एक सेंटीमीटर फुगलं तरी काँक्रीट चार टक्के वाढतं, म्हणून ओतण्याआधी टेप लावाच.